पोत्याची स्थिती

खत निरीक्षक राघोत्तमराव यांना आयुष्यात तीन गोष्टींचा मनस्वी संताप येई. पहिली, कार्बन पेपर उलटा घालणारे कारकून. दुसरी, खताच्या पोत्यावर बसून इडली खाणारे दुकानदार. आणि तिसरी, झिंक सल्फेट. कारण झिंक सल्फेट दिसायला पांढरे खडे, आणि त्याच्या दशांश भावात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेटही दिसायला तसेच पांढरे खडे. दोन्ही पाण्यात सारखेच विरघळतात आणि दोन्हींकडे बघून शेतकरी सारखाच मान डोलावतो. देवाला एवढ्या रंगांतला एखादा रंग त्यातल्या एकाला देता आला नसता का, असं राव चिडून म्हणत.

एकोणनव्वद सालच्या सप्टेंबरात रेड हिल्सच्या राजसबाई मद्रासच्या कचेरीत येऊन त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा प्रकरण याच पांढऱ्या खड्यांचं होतं. राजसबाई तंजावरकडच्या मराठी, राघोत्तमरावांसारख्याच. सासऱ्यांनी घातलेलं खतांचं दुकान त्या गेली अठरा वर्षं एकहाती चालवत होत्या, आणि आवाज असा की गोडाऊनमधल्या हमालाला रस्त्यावरून बोलावता यावं.

"राव, अकरा जण जाहले," त्या म्हणाल्या. "अकरा जणांनीं मजकडून झिंक नेलें, शेतांत घातलें, आणि भाताचीं पानं तशींच गंजलेलीं. रोप वीत भरही वाढेना. माझ्या तोंडावर सांगतात, अक्का, तुम्ही मीठ विकलां म्हणून. अय्यो, मी मीठ विकूं?"

"कुठल्या कंपनीचं?"

"गुम्मिडिपूंडीचं. तिरुमेनी मायक्रोफर्ट. चाळीस पोतीं अजून शिल्लक आहेत. मीच विकणं थांबवलें. तुम्ही येऊन बघा."

विक्रेत्यानं आपणहून निरीक्षकाला बोलवावं, हे रावांनी बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ऐकलं. विक्रेते निरीक्षक दिसला की मागच्या दारानं पळतात. राव इतके खूष झाले की दुसऱ्याच दिवशी सकाळी नमुने घ्यायची नळी, लाख, मोहोर, कापडी पिशव्या आणि आपली लाडकी परीक्षापेटी घेऊन रेड हिल्सला हजर झाले.

ही परीक्षापेटी म्हणजे रावांचा जीव की प्राण. लाकडी पेटीत आठ बाटल्या, चार काचनळ्या, एक चमचा. तिच्या जोरावर ते कुठल्याही खताचं पितळ पाच मिनिटांत उघडं पाडू शकत, आणि पाडताना आजूबाजूला माणसं असली तर त्यांना जरा जास्तच बरं वाटे. त्या दिवशी तर राजसबाईंच्या दुकानासमोर पंचवीस-तीस शेतकरी जमले होते. ते पाहून रावांना स्फुरण चढलं. त्यांनी खिशातून चाकू काढला, समोरच्या पोत्याची शिवण चर्रकन कापली आणि चमचाभर खडे काचनळीतल्या पाण्यात टाकले.

"बघा आता," ते तमिळमध्ये म्हणाले. "हा कॉस्टिक सोडा. थोडा घातला की दही पडेल. खरं झिंक असलं तर आणखी सोडा घातल्यावर हे दही विरघळून पाणी नितळ होईल. मॅग्नेशियम असलं तर कितीही घाला, दही तसंच राहील."

दही पडलं. रावांनी सोडा आणखी घातला, नळी हलवली, आणखी घातला. दही तसंच. मागून कोणीतरी शिट्टी मारली. एका म्हाताऱ्यानं, मला दिसलं नाही, पुन्हा करा, असं म्हटलं म्हणून रावांनी दुसरं पोतं कापलं आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजसबाईंनी तर पदर खोचून, "मी सांगितलें नव्हतें?" असं तीनदा विचारलं. राव घामानं निथळत होते आणि फार दिवसांनी नोकरीवर खूष होते.

मग त्यांनी कायदेशीर काम केलं. चाळीस पोत्यांच्या साठ्यातून दोन पोत्यांचा नमुना घ्यावा लागतो. दोन पोती समोर उघडी होतीच. त्यांत त्यांनी नळी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी खुपसली, माल काढला, स्वच्छ प्लास्टिकवर एकत्र केला, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा तसंच केलं, आणि शेवटी तीन सारखे भाग करून तीन पिशव्यांत बांधून लाखेची मोहोर मारली. एक पिशवी प्रयोगशाळेची, एक खात्याजवळ ठेवायची, एक विक्रेत्याची. नंतर फॉर्म काढला आणि भरायला बसले. वरून बारावा रकाना: 'पोत्याची स्थिती: शिवलेले / उघडे'.

राघोत्तमराव डोळ्यांना दिसतं तेच लिहिणारे गृहस्थ होते. त्यांनी मान वर करून पोत्यांकडे पाहिलं. पोती उघडी होती. त्यांनी लिहिलं, 'उघडे'. राजसबाईंनी खाली सही केली.

उरलेल्या अडतीस पोत्यांवर विक्रीबंदीचा हुकूम लिहून देऊन राव निघाले. निघताना कौतुकाच्या भरात त्यांनी कॉस्टिकची अर्धी बाटली राजसबाईंना देऊन टाकली. "राहू द्या, अक्का. उपयोगी पडेल."

महिन्याभरात प्रयोगशाळेचा अहवाल आला. मानकाप्रमाणे झिंक किमान एकवीस टक्के हवं, निघालं साडेचार. मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याच्या वर चालत नाही. निघालं सात पूर्णांक आठ. राव अहवाल नाचवत साहेबांच्या खोलीत गेले आणि चार मिनिटांत पांढरेफटक होऊन बाहेर आले.

साहेबांनी फक्त बाराव्या रकान्यावर बोट ठेवलं होतं. पोतं शिवलेलं असेल तर आतल्या मालाला कारखानदार जबाबदार. पोतं उघडं असेल तर त्यात कोणी काय मिसळलं कोण सांगणार? मग जबाबदार विक्रेता. म्हणजे नोटीस तिरुमेनी मायक्रोफर्टला नाही, राजसबाईंना जाणार. परवाना का रद्द करू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करा.

रावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग पाखडायची कोणावर? हे सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते. दर वर्षी नव्या निरीक्षकांना ते स्वतः शिकवत. आणि ज्या बाईनं आपल्या पायांनी येऊन तक्रार केली, तिलाच त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अक्षरात, तीन प्रतींत आरोपी केलं होतं. या गाढवपणाला काय म्हणावं, हे त्यांना मराठीत सुचेना आणि तमिळमध्येही सुचेना.

ते आधी प्रयोगशाळेत धावले. तिथल्या रसायनतज्ज्ञ कुमुदिनी देशपांडे मूळच्या अकोल्याच्या, नवऱ्याच्या, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे मद्रासला आलेल्या. रावांनी तोंड उघडताच त्यांनी हात वर केला.

"राव, कुठला नमुना ते सांगू नका. माझ्याकडे पिशवीवर फक्त सांकेतिक आकडा येतो, आणि तो तसाच राहिला पाहिजे."

"अहो, निकाल बदलायला नाही आलो. निकाल बरोबरच आहे. फक्त ते पोतं..."

"पोतं मला दिसत नाही. मला दिसतं ते पिशवीतलं झिंक आणि पिशवीतलं मॅग्नेशियम. ते कोणी घातलं, हे ज्या दिवशी मी सांगायला लागेन, त्या दिवशी माझ्या अहवालाची किंमत शून्य. तुम्ही दुसरा नमुना का घेत नाही? साठा आहे ना शिल्लक?"

रावांनी कपाळावर हात मारून घेतला. अडतीस पोती! विक्रीबंदीखाली, जागच्या जागी, शिवलेली. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? त्यांनी बाईंचे आभारही मानले नाहीत, सरळ रेड हिल्सची बस पकडली.

राजसबाई नोटीस हातात घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. राव घाईघाईनं म्हणाले, "अक्का, चूक माझी. पण घाबरू नका. बंदीतली पोती दाखवा. शिवलेल्या पोत्यांतून नवा नमुना घेतो, की नोटीस फिरली कंपनीकडे."

राजसबाईंनी गोडाऊनचं दार उघडलं. अडतीस पोती ओळीनं मांडलेली होती. प्रत्येक पोत्याची शिवण कापलेली होती आणि प्रत्येकावर खडूनं तमिळमध्ये ठळक लिहिलं होतं: 'खोटं'.

"हे काय?" रावांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलां कीं!" राजसबाई कडाडल्या. "दररोज लोक येऊन विचारत, दोन पोतीं खोटीं निघालीं, बाकीचीं कशावरून खोटीं? म्हणून एकेक उघडून सगळ्यांच्या समोर दही पाडून दाखवलें. तुमची बाटली संपली तर साबणवाल्याकडून सोडा आणवलें. विकूं नका म्हणून लिहिलां होतां. उघडूं नका म्हणून कोठें लिहिलां होतां?"

नव्हतं लिहिलं. राव एका उघड्या पोत्यावरच बसले. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं. अडतीसच्या अडतीस! एखादं तरी विसरावं माणसानं! पण बाईंनी एकही पोतं सोडलं नव्हतं. गावासमोर आपलं नाव धुऊन काढायला त्यांना हाच एक मार्ग दिसला होता, आणि तो दाखवला होता रावांनीच.

सुनावणीच्या दिवशी तिरुमेनी मायक्रोफर्टचे वरदराजन इस्त्रीच्या सफारीत आले होते. आपल्या कारखान्यातून माल एकवीस टक्क्यांचाच निघतो, नंतर दुकानात उघड्या पोत्यांत कोणी काय कालवलं ते आपण कसं सांगणार, असं ते मोठ्या दुःखानं म्हणाले. "म्हातारी बाई आहे, सर. तिच्यावर फार कडक कारवाई करू नये," अशी विनंतीही त्यांनी वर केली. राजसबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

राव उभे राहिले. आदल्या दिवशी घरी बसून लिहिलेला कागद त्यांनी साहेबांपुढे ठेवला. बायकोनं, कृष्णवेणीनं, तो वाचून, वेतनवाढ जाईल हो, एवढंच म्हटलं होतं, आणि मग स्वतःच पाकीट शोधून दिलं होतं.

कागदात लिहिलं होतं की दोन्ही पोती समोर आली तेव्हा यंत्रानं शिवलेली होती. ती निरीक्षकानं स्वतः चाकूनं कापली. कापण्यापूर्वी शिवणीची नोंद केली नाही. आणि बारावा रकाना चुकीचा भरला. खाली सही, तारीख.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे सरकारी फॉर्मवर तुम्ही लिहिलेलं खोटं, आणि आज लिहिलेलं खरं?"

"होय, साहेब."

"मग सर, तो नमुनाच रद्द," वरदराजन लगेच म्हणाले. या माणसाचं कायद्याचं ज्ञान बिनचूक होतं, हेच रावांना सगळ्यात झोंबलं.

तसंच झालं. राजसबाईंवरची नोटीस मागे घेतली. कंपनीला नोटीस गेलीच नाही. अडतीस पोती नष्ट करायचा हुकूम निघाला. राघोत्तमरावांना खुलाशाचं पत्र मिळालं आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. वरदराजन जाताना त्यांच्याशी हस्तांदोलन करून गेले. राव त्यानंतर नळावर जाऊन हात धुऊन आले.

बाहेर व्हरांड्यात राजसबाई उभ्या होत्या. आता या आभार मानतील आणि आपल्याला आणखी लाज वाटेल, या भीतीनं राव अंग चोरून निघाले. पण आभार कसले!

"तो मनुष्य सुटला," राजसबाई म्हणाल्या.

"तुमचा परवाना वाचला, अक्का."

"परवान्याला घेऊन काय करूं? गांवांत लोक म्हणतात, दोघांनीं मिळून मिटवलें म्हणून. राव, तुम्ही चांगले मनुष्य, पण तुमच्या चांगुलपणानें माझें तोंड काळें जाहलें तें जाहलेंच."

रावांना राग आला, आणि तो रास्त नाही हे कळत असल्यामुळे आणखीच आला. बसमध्ये ते वाटभर मनातल्या मनात बाईंशी भांडले, आणि दर वेळी बाईच जिंकल्या.

डिसेंबर उलटला. नव्या हंगामाची भाताची लावणी सुरू झाली, आणि एके दिवशी कचेरीत रेड हिल्सहून फोन आला.

"राव, यावें. झिंकचीं बारा पोतीं आलीं आहेत. बिलासकट."

"कुठल्या कंपनीची?"

"त्याच."

राव खुर्चीतून उठलेच. "अक्का, तुम्हाला वेड लागलं का? पुन्हा त्याच्याकडून माल घेतला?"

"मीच मागवलें. वरदराजन फोनवर हंसला, राग गेला वाटतें म्हणून. लॉरी उतरतांना सगळ्या गांवानें पाहिलें. कालपासून गिऱ्हाईक नाहीं दुकानांत. एकानें पायरीवर थुंकलें. मी कांहीं बोललें नाहीं. शिवणीला कोणी हात लावूं नये म्हणून खाट आणून गोडाऊनच्या दारांत टाकलें. तुम्ही लौकर या. आणि तो चाकू घरीं ठेवून या."

राव तासाभरात तिथे होते. दुकानासमोर माणसं जमलीच. पण या वेळी कोणी टाळ्या वाजवायला आलं नव्हतं. हात बांधून, भुवया चढवून उभे होते. माल चोख निघाला तर बाई उगाच बदनाम झाली, आणि खोटा निघूनही सिद्ध झाला नाही तर तिचं दुकान संपलं, एवढा साधा हिशेब सगळ्यांना कळत होता.

रावांनी पोत्याला हात लावण्याआधी फॉर्म काढला. बारा पोत्यांभोवती दोनदा फिरले. प्रत्येकाची शिवण, प्रत्येकाचं लेबल, माल कधी भरला त्याची तारीख पाहिली. मग बाराव्या रकान्यात लिहिलं 'यंत्राने शिवलेले, शिवण अखंड', आणि त्याखाली गर्दीतल्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. बारांतून दोन घ्यायची, म्हणून मोजून दर सहावं पोतं बाजूला काढलं. आडवं केलं. शिवणीच्या कोपऱ्यातून नळी तिरकी आत घातली.

"दही दाखवा!" मागून कोणीतरी ओरडलं.

रावांचे हात अक्षरशः शिवशिवले. पेटी त्यांनी आणलीच नव्हती, तरी शिवशिवले. गर्दीतून आणखी दोघांनी तेच म्हटलं. "आधी दाखवा! नाहीतर पुन्हा मिटवाल!"

"गप्प राहा!" राजसबाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. "दही बघून तुम्ही टाळ्या वाजवलां, आणि तो सफारीवाला सुटला. आज कोणी कांहीं बघायचें नाहीं. आज फक्त लाख लावायची."

लोक धुसफुसले, पण थांबले. तीन पिशव्या झाल्या. तीन मोहोरा लागल्या. पोत्यात काय आहे हे त्या दिवशी गावात कोणालाच कळलं नाही. रावांनाही नाही, राजसबाईंनाही नाही. पुढचे सव्वीस दिवस राजसबाई रिकाम्या दुकानात एकट्या बसून होत्या. राव रोज टपाल आलं का म्हणून कारकुनाला विचारत आणि रोज त्याच्यावर खेकसत.

सत्ताविसाव्या दिवशी अहवाल आला. झिंक तीन पूर्णांक नऊ, मॅग्नेशियम आठ पूर्णांक एक. मानकाप्रमाणे नाही. नोटीस गुम्मिडिपूंडीच्या पत्त्यावर टाइप झाली. ती राव टाइपरायटरशेजारी उभं राहून अक्षर अक्षर वाचत होते. वरदराजन आता कुठलं कलम काढणार होते? काढायला एकही उरलं नव्हतं.

नोटिशीच्या नकलेचा कागद घेऊन ते स्वतः रेड हिल्सला गेले. राजसबाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका शेतकऱ्याला मोठ्यानं तमिळमध्ये वाचून दाखवला. सप्टेंबरातल्या अकरांपैकी तो एक होता. त्याचं भात गेलं ते गेलंच होतं. गंजलेल्या पानांचं पीक त्यानं शेवटी गुरांना घातलं होतं.

"या कागदानं माझ्या शेतात आता काय उगवेल?" त्यानं रावांना विचारलं.

"काही नाही," राव म्हणाले. "तेव्हा निघायला हवा होता हा. माझ्या चुकीनं निघाला नाही."

शेतकऱ्यानं मान हलवली. तो रागावल्यासारखा दिसला नाही, तेच रावांना सोसवेना. मग तो म्हणाला, "मला एक नक्कल द्या. माझी मुलगी पोन्नेरीकडे दिली आहे. तिच्या गावच्या दुकानात परवाच हीच पोती उतरली."

रावांनी कागद राजसबाईंच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. "किती पोती?"

"साठेक असतील."

"फोन आहे का त्या दुकानात? अक्का, लावा लावा. साठच्या साठ शिवलेली राहू द्या म्हणावं. एकालाही हात लावायचा नाही. कोणी कितीही दही मागितलं तरी नाही!"

राजसबाईंनी फोन ओढून घेतला होता.